रस्ता आधी की घर आधी?
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितले, "तू आयुष्यभर नगररचनेच्या कार्यालयात नकाशे काढलेस, त्यावर वीस मिनिटे बोल. पण नियम-कलमे नकोत, लोक झोपतील." म्हणून मी आज आपल्या गावातून तुम्हाला फिरवणार आहे. किल्ल्यापासून निघायचे, मोसम पुलावरून कॅम्पात जायचे, तिथून नव्या कॉलन्यांकडे. आणि शेवटी एका अशा गल्लीत थांबायचे, जिथे मी स्वतः चुकलो. ती चूक माझ्या वडिलांना महागात पडली. आजचे भाषण खरे तर त्या चुकीबद्दलच आहे.

भूगोलाचे सर आज समोर बसले आहेत. त्यांनी आम्हाला नकाशा वाचायला शिकवला. नोकरीत गेल्यावर कळले की गाव नकाशाशिवायही वाचता येते. त्याला तीन गोष्टी पाहाव्या लागतात. घरे किती दाट आहेत, रस्ता किती रुंद आहे आणि गॅलरी कशी आहे. त्यावरून जुने गाव कोणते आणि आखून वसवलेली वस्ती कोणती, हे ओळखता येते. पण या तिन्हींच्या मागे एकच प्रश्न असतो. या ठिकाणी आधी रस्ता आला की आधी घर आले?

किल्ल्याजवळच्या गल्लीपासून सुरुवात करू. नारोशंकर राजेबहादूरांनी १७४० साली किल्ला बांधायला घेतला. त्या कामासाठी सुरतेकडून आणि उत्तरेकडून कारागीर आले आणि किल्ल्याभोवती वस्ती वाढली. पुढे १८५७ नंतर उत्तरेकडची विणकर कुटुंबे येत राहिली. ही माणसे आली तेव्हा कोणी नकाशा घेऊन उभे नव्हते. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने घर बांधले. शेजाऱ्याने त्याच्या भिंतीला भिंत लावली. समोरच्याने बैलगाडी जाईल एवढी जागा सोडली. घरे बांधून झाल्यावर जे उरले, त्याला आपण गल्ली म्हणतो.

म्हणून जुन्या गल्लीची खरी खूण ती अरुंद असते ही नव्हे. तिची रुंदी सारखी बदलते, ही खूण आहे. टेप घेऊन चालून बघा. एका दाराशी सात फूट, चार घरे पुढे अकरा फूट, मध्येच विहिरीपाशी किंवा पारापाशी वीस फूट, आणि पुन्हा आठ फूट. रेघ मारून आखलेला रस्ता असा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होत नाही. वळणावरच्या घराचा कोपराही बघा. बऱ्याच ठिकाणी तो खालच्या बाजूला, माणसाच्या छातीपर्यंत, तासलेला किंवा गोल केलेला असतो आणि वर मात्र काटकोनात असतो. गाडीचा आस भिंतीला लागू नये म्हणून केलेली ती सोय आहे. घरमालकाने खालची वीतभर जागा गल्लीला दिली आणि वरची स्वतःकडे ठेवली.

आता दाटी. लोक म्हणतात, जुने गाव दाट आणि कॉलनी विरळ. हे अर्धे खरे आहे. चार मजली अपार्टमेंटच्या एका प्लॉटवर सोळा कुटुंबे राहतात, म्हणजे कॉलनीही दाट असू शकते. म्हणून माणसे मोजू नका, दारे मोजा आणि जमीन किती झाकली आहे ते बघा. जुन्या गल्लीत घराची दर्शनी रुंदी साधारण पंधरा फूट असते आणि खोली पन्नास-साठ फूट. शंभर पावले चाललात, म्हणजे सुमारे अडीचशे फूट, तर एका बाजूला सोळा-सतरा दारे लागतात. भिंती सामाईक असतात. आतला एखादा चौक आणि मागची मोरी सोडली तर सगळी जागा बांधलेली असते. कॉलनीत चाळीस बाय साठचा प्लॉट धरा. पुढे-मागे दहा-दहा फूट आणि दोन्ही बाजूंना साडेसात फूट सोडले, तर घराला उरतात पंचवीस बाय चाळीस, म्हणजे २४०० पैकी १००० चौरस फूट. निम्म्याहून अधिक जमीन उघडी. तिथे त्याच शंभर पावलांत सहा दारे लागतात. दारे मोजायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि उत्तर सहसा चुकत नाही.

आता मान वर करा आणि गॅलरी बघा. जुन्या माडीला जी गॅलरी असते, ती लाकडी तुळयांच्या टोकांवर उभी असते. आतल्या पाटणीच्या तुळया भिंतीतून बाहेर काढायच्या, खालून लाकडी घोड्यांचा आधार द्यायचा आणि वर फळ्या ठोकायच्या. लाकूड असे अधांतरी फार लांब जात नाही. म्हणून ती गॅलरी दोन-अडीच फुटांचीच असते. उभे राहून मिरवणूक बघता येते, खाट टाकता येत नाही. त्यानंतरच्या काळात लोखंडी गर्डर आणि वर शहाबादी फरशी आली, कठडे बिडाचे आले. त्यानंतर सिमेंटचा स्लॅब आला आणि गॅलरी तीन-चार फुटांची झाली. गल्लीत उभे राहून वर पाहिले तर घराचे वय साधारण सांगता येते.

पण वयापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. ती गॅलरी कोणाच्या जागेवर लोंबते आहे? जुन्या गल्लीत घराची भिंत हीच हद्द असते. म्हणून गॅलरी भिंतीबाहेर आली की ती गल्लीच्या डोक्यावर येते. खालचा रस्ता सगळ्यांचा, वरची हवा घरमालकाची, असा तो न लिहिलेला करार आहे. समोरच्याचीही गॅलरी तशीच. इस्लामपुऱ्यातला माझा बाकावरचा मित्र इथे बसला आहे. त्याच्या घरी खाली लूम आणि वर घर होते. त्याची आई समोरच्या घरात साखरेची वाटी हात लांबवून द्यायची, जिना उतरावा लागत नसे. आणि दोन शेजारी गॅलऱ्या कधी एका पातळीत नसतात. प्रत्येकाने आपापल्या सोयीने मजल्याची उंची धरलेली असते. कोणाची गॅलरी नऊ फुटांवर, कोणाची साडेअकरावर.

हे सगळे ध्यानात ठेवून आता मोसम ओलांडू. १८१८ साली इंग्रजांनी आपला किल्ला घेतला आणि नदीपलीकडे त्यांच्या लष्कराचा तळ पडला. म्हणून तो कॅम्प. तिथे आधी रेघा मारल्या गेल्या आणि मग घरे आली. सरळ रस्ता, त्याच्या कडेला झाडे, मग कुंपण, मग आवार आणि आवाराच्या मध्ये बंगला. जुन्या बंगल्याला गॅलरी शोधू नका, सापडणार नाही. त्याला व्हरांडा असतो. गॅलरी ही रस्ता जवळ असलेल्या घराची गरज आहे. रस्ता शंभर फूट दूर असेल तर माणूस बाहेर बघायला व्हरांड्यात बसतो. आज त्या आवारांत दुकाने आणि अपार्टमेंट उभी राहिली आहेत, तरी मूळ रस्त्यांचा सरळपणा गेलेला नाही. घरे बदलतात, रस्ता सहसा बदलत नाही. म्हणून मी वस्ती वाचताना आधी रस्त्याकडे बघतो.

रस्ता किती रुंद हवा, हे कोण ठरवते? त्याचे एक जुने उत्तर मुंबईत आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीत उजेड आणि हवा नसणे हे त्याचे एक कारण मानले गेले आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती त्याच ट्रस्टची. त्या ट्रस्टने एक नियम वापरला, साडेत्रेसष्ट अंशांचा. खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर ती आडव्या रेषेशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा उभी होता कामा नये. गणिताच्या बाईंनी शिकवलेला टॅन्जन्ट इथे कामाला येतो. साडेत्रेसष्ट अंशांचा टॅन्जन्ट जवळजवळ दोन आहे. म्हणजे समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर मध्ये निदान वीस फूट मोकळे हवेत.

हा मापदंड घेऊन परत आपल्या गावात या. आठ फुटी गल्ली, दोन्ही बाजूंना चोवीस फुटी घरे. उंची रुंदीच्या तिप्पट, म्हणजे नियमात बसत नाही. वर दोन्हीकडून गॅलऱ्या आल्यावर आकाशाची तीन फुटांची पट्टी उरते. आता मंजूर ले-आउटमधला तीस फुटी रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट सोडून घरे आहेत. एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत पन्नास फूट. तिथेही घरे चोवीस फुटीच. उंची रुंदीच्या निम्मी. दोन्हीकडची घरे सारखीच उंच आहेत, फरक फक्त मधल्या जागेचा आहे. उन्हाळ्यात मात्र जुनी गल्ली जिंकते. दुपारी दोन वाजता तिथे सावली असते आणि कॉलनीच्या रस्त्यावर चप्पल चिकटते. म्हणून एकाला चांगले आणि दुसऱ्याला वाईट असे मी म्हणणार नाही.

सोयगावच्या बाजूला किंवा कॅम्पाच्या पुढे ज्या मंजूर कॉलन्या आहेत, तिथली बाल्कनी बघा. ती रस्त्यावर येत नाही. ती स्वतःच्याच सोडलेल्या दहा फुटांवर लोंबते, खाली स्वतःची तुळस आणि स्वतःची स्कूटर असते. सगळ्या बाल्कन्या जवळपास एका पातळीत असतात, कारण मजल्याची उंची दहा फुटांच्या आसपास धरलेली असते. आणि अपार्टमेंट असेल तर बाल्कनी जवळपास ठरलेल्या मापाची, चार फुटांची. याला कारण होते. आपल्याकडच्या नियमांत बरीच वर्षे मजल्याच्या क्षेत्राच्या दहा टक्क्यांपर्यंतची बाल्कनी चटईक्षेत्रात धरत नसत. फुकट मिळणारी जागा कोण सोडेल? प्रत्येक बिल्डरने नेमकी तेवढी बाल्कनी काढली आणि प्रत्येक कुटुंबाने पुढे तिला ग्रील आणि सरकत्या काचा लावून खोली केली. अशी बंद केलेली बाल्कनी दिसली की ती इमारत त्या नियमाच्या काळातली, असे बहुधा समजायला हरकत नाही.

इथवर सगळे सोपे वाटले असेल. मलाही वाटत होते. आता माझी चूक सांगतो.

१९८९ साली माझे वडील निवृत्त झाले. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे आले आणि गावाबाहेरच्या एका नव्या वस्तीत त्यांना दीड गुंठ्याचा प्लॉट दाखवला गेला. दीड गुंठा म्हणजे १६०० चौरस फुटांच्या थोडे वर. तेव्हा मी नाशिकला आरेखक होतो आणि मला सगळे कळते असे माझे मत होते. वडिलांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. मी गेलो. गल्ली सरळ होती, दोरी लावल्यासारखी. एका टोकाला उभे राहिले की दुसरे टोक दिसत होते. प्लॉट सारखे, चुन्याने आखलेले. मी म्हणालो, "दादा, वेडीवाकडी गल्ली असती तर नको म्हटलं असतं. हे आखलेलं आहे. घ्या."

दादांनी घेतला. व्यवहार स्टॅम्प पेपरवर झाला.

ती वस्ती आखलेली होती, पण मंजूर नव्हती. एका शेतमालकाने आपल्या शेताचे दोरीने तुकडे केले होते आणि मध्ये बारा फुटांची वाट ठेवली होती. शेतजमिनीचे असे बारके तुकडे विकायला १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा तेव्हा आडवा येत होता. म्हणून खरेदीखत नाही, सातबाऱ्यावर स्वतंत्र नाव नाही. नाव नाही म्हणून बांधकाम परवानगी नाही, बँकेचे कर्ज नाही, गटार नाही. अशा वस्तीला आपण गुंठेवारी म्हणतो. मी जुने गाव आणि आखीव कॉलनी या दोनच खुणा शिकलो होतो. हा तिसरा प्रकार माझ्या डोक्यातच नव्हता. मी फक्त रस्त्याचा सरळपणा पाहिला आणि बाकी वाचलेच नाही.

वाचले असते तर तिथे चार गोष्टी होत्या. आज मी त्याच गल्लीत उभा राहून तुम्हाला त्या दाखवतो.

पहिली, गल्लीचे टोक. ती एका शेताच्या बांधावर जाऊन थांबत होती. पलीकडच्या शेतातही तसेच प्लॉट पडले होते, पण तिथली गल्ली आमच्या गल्लीसमोर नव्हती, वीस फूट सरकलेली होती. मंजूर ले-आउटमध्ये शेजारच्या जमिनीच्या रस्त्याशी आपला रस्ता जुळवावा लागतो. इथे प्रत्येकाने आपल्या बांधापुरती रेघ मारली होती. दोन गल्ल्या बांधावर येऊन एकमेकींना न भेटता थांबल्या, की समजावे, नकाशा शेताचा आहे, गावाचा नाही.

दुसरी, रुंदी. ती बदलत नव्हती, म्हणून मी फसलो. पण ती बारा फूट होती. त्या काळातल्या नेहमीच्या मंजूर ले-आउटमध्ये घरांसमोरचा रस्ता एवढा अरुंद ठेवू देत नसत. एकसारखा पण अरुंद, ही जोडी जुन्या गावात सापडत नाही आणि मंजूर कॉलनीतही नाही.

तिसरी, जे नव्हते ते. मंजूर ले-आउटमध्ये जमीन ठरावीक क्षेत्राहून मोठी असली की दहा टक्के जागा मैदानासाठी सोडावी लागते आणि चौकातल्या प्लॉटचे कोपरे तिरके छाटावे लागतात, म्हणजे वळणारे वाहन दिसते. तिथे मैदान नव्हते आणि प्रत्येक कोपरा काटकोनात होता. जुन्या गावात बैलगाडीसाठी माणसाने आपणहून कोपरा तासला होता. इथे ट्रक वळणार होता, तरी कोणी इंचभर सोडला नव्हता.

चौथी खूण गॅलरीची. आम्ही प्लॉट पाहिला तेव्हा दोनच घरे उभी होती, पण त्यांच्या गॅलऱ्या सांगत होत्या. दोन्ही घरे हद्दीपर्यंत बांधलेली होती आणि स्लॅबच्या चार फुटी गॅलऱ्या वाटेवर आल्या होत्या. म्हणजे बांधकाम नवे आणि करार जुना. पंचवीस वर्षांत दोन्ही बाजूंनी घरे झाली, दोन्ही बाजूंनी चार-चार फूट पुढे आले, आणि बारा फुटांच्या वाटेवर चार फुटांचे आकाश उरले. खाली प्रत्येकाने जिन्याची पहिली पायरी वाटेत टाकली. जुन्या गल्लीतली गॅलरी दोन फुटांवर थांबत होती कारण लाकूड थांबत होते. सिमेंट आणि सळईला तशी लाज नसते.

२००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला. आम्ही अर्ज केला, विकास शुल्क भरले, आणि दादांच्या घराला अखेर कागद मिळाला. पण कायद्याने कागद रुंद होतो, वाट नाही. दादांच्या शेवटच्या दुखण्यात रुग्णवाहिका मुख्य रस्त्यावरच थांबली. आम्ही भावांनी त्यांना खुर्चीत बसवून बाहेर आणले. वाटेत ते मला म्हणाले, "तूच म्हणाला होतास ना रे, सरळ आहे." ते हसत म्हणाले. मी आजवर त्याचे उत्तर शोधतो आहे.

माझ्या या वाचनाच्या मर्यादाही सांगतो. सरळ म्हणजे नवे नव्हे. जयपूर १७२७ साली वसवले, ते जुने शहर आहे आणि त्याचे रस्ते आपल्या कोणत्याही कॉलनीपेक्षा सरळ आणि रुंद आहेत. वाकडे म्हणजे जुने, असेही नव्हे. नाल्याच्या कडेने गेलेली नवी वस्तीही वाकडी असते. जुन्या गल्लीत रस्ता रुंदीकरण झाले असेल तर दर्शनी भिंती कापलेल्या असतात. तिथे लाकडी गॅलरी शोधून उपयोग नाही. अशा वेळी बाजूच्या सामाईक भिंतीत तुळयांची भोके दिसतात, त्यावरून जुने घर ओळखावे. आणि शेवटचा शब्द नेहमी कागदाचा. गावठाणातल्या घराला सिटी सर्व्हे नंबर आणि मिळकत पत्रिका असते. मंजूर कॉलनीच्या प्लॉटला मंजूर नकाशा असतो, आणि जुन्या कॉलनीत बिनशेतीचा आदेशही. यांतले काहीच न दाखवता कोणी फक्त सातबारा आणि स्टॅम्प पेपर पुढे केला, तर गल्ली कितीही सरळ असो, मला एक फोन करा.

आपल्यातल्या अनेकांची मुले आता पुण्या-नाशकात आहेत आणि गावातली घरे विकायची की ठेवायची, हा प्रश्न घरोघरी आहे. कोणी इथे प्लॉट घेऊन परत यायचे म्हणतो. म्हणून हे सांगितले.

उद्या सकाळी सात वाजता मी किल्ल्यापाशी उभा असेन. हातात पन्नास फुटी टेप असेल. ज्यांना यायचे त्यांनी या. गल्लीगल्लीतून मोसम पुलापर्यंत जाऊ, कॅम्पात चहा घेऊ आणि शेवटी माझ्या भावाकडे नाश्ता. भाऊ अजून त्याच गल्लीत राहतो. गाड्या मुख्य रस्त्यावर लावाव्या लागतील.